काम करून दिल्यावर "जरा कमी करा की" आलं तेव्हा

मी मसाले, पापड, लोणची अशा मालाच्या पाकिटांचं डिझाइन करते. कोल्हापूरकडच्या एका घरगुती उद्योगासाठी नऊ पाकिटं केली होती. कांदा-लसूण मसाला, मटण मसाला, गोडा मसाला वगैरे. कोटेशन 72,000 चं, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 84,960. निम्मे आगाऊ आले होते. प्रत्येक पाकिटाच्या पीडीएफवर मालकांचा "ओके" ईमेलने आला, मग छपाईच्या फायली गेल्या आणि बिलही गेलं. बाकीच्या 42,480 ची वाट बघत होते, तर महिन्याभराने व्हॉट्सअॅपवर हे आलं: "मॅडम, आता 30 घ्या आणि मिटवून टाका की. पुढची कामं तुम्हालाच द्यायची आहेत."

अशा मेसेजला मी लगेच लिहून उत्तर देत नाही. लिहिलेलं "नाही" फार कोरडं वाटतं, आणि लिहिलेलं "बघते" म्हणजे समोरचा निम्मं मान्य झालं असं धरून चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. पैशाचा विषय मी काढला नाही. पहिलं विचारलं, "साहेब, कामात काही राहिलंय का? रंग, मजकूर, मापं, काही खटकलंय का?"

हा प्रश्न आधी विचारायचं कारण आहे. तक्रार खरी असेल तर सूट हे तिचं उत्तरच नव्हे. पाकिटावर चूक असेल तर ती दुरुस्त करून द्यायला हवी, बारा हजार कमी घेऊन चुकीचं पाकीट बाजारात जाऊ द्यायचं नाही. तक्रार नसेल तर तेही त्यांच्याच तोंडून यावं. ते म्हणाले, "छे छे, काम एक नंबर आहे. काम्पलेंट काय न्हाई."

मग हळूहळू खरं कारण निघालं. त्यांची पाकिटं ग्रॅव्हुअरवर छापायची होती. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. एका पाकिटाला सात रंग धरले तरी नऊ पाकिटांचे त्रेसष्ट होतात. काही समाईक निघतात, पण फार नाही. शिवाय छापणारा ठरावीक किलोंच्या खाली फिल्मची ऑर्डर घेत नाही. सिलिंडरचं बिल काही लाखांत गेलं होतं आणि ते आगाऊ भरावं लागलं होतं. म्हणजे माझी फी त्यांना जास्त वाटत नव्हती, हातात रोकड नव्हती. ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांतलं जो ऐकून घेईल असा वाटला, त्याच्याकडे ते आले होते.

तिसरी शक्यताही मनात होती, ती म्हणजे सवय. व्यापारात शेवटच्या हप्त्यावर वटाव मागायची जुनी रीत आहे, आणि त्यात वाईट काही नाही. वरचे 480 सोडा म्हणाले असते तर मी हसून सोडले असते. पण 42 चे 30 म्हणजे वटाव नव्हे, ते नवं कोटेशन झालं.

उत्तर लिहिण्याआधी माझ्या सीएंना विचारलं, कारण अशी सूट दिसते तितकी सरळ नसते. बिल माझ्या जीएसटी रिटर्नमध्ये आधीच गेलं होतं आणि त्यांनी त्यातल्या कराचं क्रेडिटही घेतलं होतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा केला होता. करासकट 12,000 कमी करायचे तर मला क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, काढायला लागणार, त्यात मूळ रक्कम 10,170 च्या आसपास आणि उरलेला कर. तेवढं क्रेडिट त्यांना परत करावं लागणार, म्हणजे त्यांचा खरा फायदा बारा हजारांचा नव्हेच. सूट आधीच्या करारात ठरलेली नसेल, तर तेव्हाच्या नियमांप्रमाणे ती करपात्र रकमेतून वजा धरण्यावर वाद निघू शकतो, असंही सीए म्हणाले. साध्या भाषेत, भरलेला कर माझ्याच अंगावर राहायची भीती होती.

कायद्याची बाजूही बघून ठेवली. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून माझी सरकारी उद्यम नोंदणी आहे आणि तिचा क्रमांक बिलावर असतो. एमएसएमई कायद्याप्रमाणे काम पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. लेखी करार नसेल तर पैसे 15 दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. हे सगळं माझ्या बाजूचं होतं. तरी पहिल्या उत्तरात यातला एक शब्दही घातला नाही. फोनवर मनातलं बोललेल्या माणसाला लगेच कलम दाखवलं की तो वकील शोधतो, पैसे नव्हे. मालक अडूनच बसले असते तरच ते बाहेर काढायचं होतं.

संध्याकाळी हा मेसेज पाठवला:

"साहेब, नमस्कार. सकाळी बोललो त्याप्रमाणे काम तुमच्या पसंतीस उतरलं, बरं वाटलं. बिल कोटेशनप्रमाणेच आहे आणि जीएसटीत भरून झालंय, त्यामुळे रक्कम कमी करता येणार नाही. सिलिंडरमुळे या महिन्यात ओढाताण आहे हे समजलं. म्हणून 42,480 पैकी 21,240 या शुक्रवारी आणि 21,240 पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला द्या. त्यावर व्याज वगैरे काही लावणार नाही. चालेल ना? तसं कळवा, म्हणजे मी नोंद करून ठेवते."

यात "सॉरी" नाही आणि "परवडत नाही" असंही नाही. परवडत नाही म्हटलं की चर्चा माझ्या खर्चावर येते. मग लॅपटॉप किती जुना, घरूनच काम करता ना, असले प्रश्न सुरू होतात. पुढच्या कामांबद्दलही मी काही लिहिलं नाही. न आलेल्या कामाच्या भरवशावर झालेल्या कामाचे पैसे सोडायचे नाहीत, यावर मी ठाम आहे.

उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या हिशेबनिसांचा फोन आला. सूर वेगळा होता. बिलावरचा उद्यम क्रमांक त्यांनी पाहिला होता आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "मॅडम, शुक्रवारचं बघतो मी. फक्त दोन हप्त्यांचं लेखी पाठवा, साहेबांना दाखवायला." मी तेच दोन आकडे आणि दोन तारखा ईमेलवर पाठवल्या.

पहिला हप्ता शुक्रवारी नाही, सोमवारी आला. दुसरा 12 तारखेला. दोन-तीन दिवसांच्या उशिरावर मी काहीच बोलले नाही.

दिवाळीनंतर त्याच मालकांनी चटण्यांच्या सहा पाकिटांसाठी फोन केला आणि या वेळी घासाघीस सुरुवातीलाच झाली. मी म्हटलं, रक्कम कमी करायची तर काम कमी करू. त्यांनी दोन चटण्या पुढच्या वर्षावर ढकलल्या, चार पाकिटांना एकच पार्श्वभूमी ठरली, त्यामुळे त्यांचे सिलिंडरही कमी झाले. माझी फी उतरली आणि त्यांची बचत माझ्या फीपेक्षा छपाईतच जास्त झाली. कोटेशनवर या वेळी त्यांनी सहीसुद्धा विचारायच्या आधी केली.