बाजाराच्या दिवसाची ओपीडी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी फिजिशियनच्या दवाखान्यात मी ओपीडीची व्यवस्था पाहते. ओपीडी दहा ते दोन, म्हणजे २४० मिनिटांची असते. पूर्वी दर दहा मिनिटांना एक याप्रमाणे २४ नावे लिहिली जात. पण आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून एसटीने सहा-सात रुग्ण नाव न नोंदवताच येतात आणि त्यांच्यासाठी वहीत जागाच नसे. तीस रुग्णांना ३०० मिनिटे लागणारच. त्यामुळे दोनची ओपीडी तीनपर्यंत लांबणे अटळ होते.

वेळापत्रक बदलण्यापूर्वी आम्ही एक रुग्ण आत गेल्यापासून पुढचा आत जाईपर्यंतचा वेळ नोंदवला, कारण नुसती तपासणी मोजली तर चिठ्ठी लिहिणे, गोळ्या समजावणे आणि म्हाताऱ्या माणसाला टेबलावरून उतरवणे हिशेबातून सुटते. बीपी-शुगरच्या फेरतपासणीला दहा मिनिटे पुरत होती, नव्या रुग्णाला वीस लागत होती. म्हणून तासाच्या सहा चौकटी करून नव्या रुग्णाला दोन दिल्या. प्रत्येक तासाची शेवटची चौकट कोरी ठेवली. एसटीची गर्दी सकाळी असते, म्हणून पहिल्या दोन तासांत थेट येणाऱ्यांसाठी दोन-दोन आणि नंतर एक-एक चौकट राखली. नावे नोंदवायला १४ चौकटी उरल्या. नेहमीच्या फेरतपासण्या इतर वारी हलवल्या.

एका बाजाराच्या दिवशी साडेदहाला तांड्यावरून एक आजोबा आले. छातीत दाब आणि अंगाला दरदरून घाम, त्यामुळे त्यांना तत्काळ आत घेतले. ईसीजी काढून, प्राथमिक औषधे देऊन रुग्णवाहिकेने लातूरला रवाना करेपर्यंत डॉक्टरांची तीस मिनिटे गेली. त्यांतील दहा राखीव चौकटीची होती, वीस वरची. अकराच्या आधीच्या कोऱ्या चौकटीत दहा भरून निघाली, बाराच्या आधीच्या चौकटीत उरलेली दहा, आणि बाराच्या रुग्णाला बरोबर बाराला आत बोलावता आले.

कोरी चौकट आणि राखीव चौकट वेगळ्या ठेवणे सर्वांत कठीण जाते. राखीव जागी कोणी आले नाही तर आधीच येऊन बसलेला पुढचा रुग्ण आत घेता येतो. कोरी जागा मात्र “ताई, फक्त रिपोर्ट दाखवायचाय” म्हणणाऱ्यालाही आगाऊ देता येत नाही. ती भरली असती तर त्या दिवशीचा उशीर शेवटच्या रुग्णापर्यंत तसाच गेला असता.

आता वहीत दिलेली वेळ आणि प्रत्यक्ष आत गेल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहितो. फरक तासागणिक वाढत गेला तर चौकटी अपुऱ्या आहेत; पहिल्या रुग्णापासूनच असेल आणि पुढे वाढत नसेल तर डॉक्टर उशिरा बसले आहेत, आणि तेव्हा चौकटींना हात लावत नाही.