जांभळ्या-नारिंगी मिश्रणातून दोन संहती वेगळ्या काढताना : माझा अनुभव

माझ्याकडे आलेल्या नमुन्यात पोटॅशिअम परमँगनेट आणि पोटॅशिअम डायक्रोमेट ही दोन्ही द्रव्ये सल्फ्युरिक आम्लात एकत्र विरघळलेली होती, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे न करता प्रत्येकाची संहती सांगायची होती. दोन्ही रंगीत असल्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटरचा मार्ग उघड होता. अडचण एवढीच, की ज्या प्रकाशपट्ट्यात एक द्रव्य शोषण करते तिथे दुसरेही थोडेफार करतेच. त्यामुळे एका तरंगलांबीवरचे वाचन म्हणजे दोघांच्या शोषकतांची बेरीज असते, आणि ती फोडायची तर दुसऱ्या तरंगलांबीवर दुसरी बेरीज मोजावी लागते.

तरंगलांब्या कोणत्या घ्यायच्या यावरच मी सर्वांत जास्त वेळ खर्च केला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. प्रथम दोन्ही शुद्ध द्रावणांचे वर्णपट स्वतंत्रपणे घेतले. परमँगनेटची दोन ठळक शिखरे ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरजवळ दिसतात. त्यांपैकी ५४५ निवडण्याचे कारण असे, की तिथे डायक्रोमेटचे शोषण जवळजवळ संपलेले असते. डायक्रोमेटचे सर्वांत प्रबळ दृश्यसीमेलगतचे शिखर ३५० नॅनोमीटरजवळ असले, तरी तिथे परमँगनेटही चांगलेच शोषण करते. ४४० नॅनोमीटरजवळ मात्र डायक्रोमेटचे शोषण कमी, पण पुरेसे असते आणि परमँगनेटच्या वर्णपटात तिथे दरी असते. म्हणजे निकष शिखराच्या उंचीचा नसून दोन द्रव्यांच्या शोषणाच्या गुणोत्तराचा आहे. ते गुणोत्तर दोन तरंगलांब्यांवर जितके वेगळे, तितकी समीकरणे एकमेकांपासून वेगळी आणि उत्तर तितके स्थिर.

यानंतर प्रत्येक द्रव्याची प्रमाण द्रावणे तयार केली. डायक्रोमेट शुद्ध आणि स्थिर असल्याने ते वाळवून, अचूक तोलून घेता येते. परमँगनेटची संहती मात्र सोडिअम ऑक्झलेटशी अनुमापन करूनच ठरवावी लागते. सर्व द्रावणांत आणि ब्लँकमध्ये आम्लाची संहती एकच, लिटरला सुमारे एक मोल, ठेवली. हा आग्रह केवळ नीटनेटकेपणासाठी नव्हता. विरल द्रावणात डायक्रोमेटचा बराचसा भाग पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन क्रोमेटमध्ये बदलतो, आणि त्यांच्यातला समतोल आम्लावर व एकूण संहतीवर अवलंबून असतो. म्हणून आपण जी संख्या डायक्रोमेटची म्हणून सांगतो, ती खरे तर सगळ्या सहा-संयुजी क्रोमिअमची डायक्रोमेटच्या हिशेबात केलेली मोजणी असते, आणि ती त्याच आम्लात, त्याच संहतीच्या टप्प्यात केलेल्या प्रमाणीकरणावरच उभी राहते. (हे क्रोमिअम कर्करोगकारक आहे, त्यामुळे हातमोजे वापरले आणि उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत साठवले.)

एक सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये शोषकता मोजून संहतीशी आलेख काढले, तेव्हा चार रेषा मिळाल्या आणि त्यांचे चढ हेच समीकरणांचे सहगुणक ठरले. संहती लिटरला मिलिमोलमध्ये धरली, तर डायक्रोमेटचा चढ ४४० वर ०.३६८ आणि ५४५ वर ०.०११ आला, तर परमँगनेटचा अनुक्रमे ०.०९५ आणि २.३४० आला. लहान चढ काढताना परमँगनेटची मूळ श्रेणी ४४० वर फारच फिकी वाचने देत होती, म्हणून त्या एका रेषेसाठी अधिक संहत द्रावणे घेतली.

नमुन्याची शोषकता ४४० वर ०.३९१ आणि ५४५ वर ०.५९७ मिळाली. डायक्रोमेटची संहती x आणि परमँगनेटची y मानून समीकरणे अशी झाली:

०.३६८x + ०.०९५y = ०.३९१
०.०११x + २.३४०y = ०.५९७

निश्चयकाची किंमत ०.८६०१ येते. त्यावरून x = ०.९९८ आणि y = ०.२५० मिलिमोल प्रति लिटर. परस्परांचे शोषण दुर्लक्षून प्रत्येक वाचन सरळ मोठ्या चढाने भागले असते, तर x १.०६ आणि y ०.२५५ आले असते, म्हणजे डायक्रोमेट सुमारे साडेसहा टक्के जास्त आणि परमँगनेट जवळपास दोन टक्के जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात, कारण शेजाऱ्याचे शोषण आपल्या खात्यात जमा होते.

मग वाचनातील चूक उत्तरात किती उतरते, हे तपासले. ४४० वरच्या वाचनात ०.००५ चा फरक धरला, तर x सुमारे १.४ टक्क्यांनी हलतो, पण y जवळजवळ जागचा हलत नाही. ५४५ वर तेवढाच फरक धरला, तर y ०.९ टक्क्याच्या आत सरकतो आणि x वर नगण्य परिणाम होतो. तरंगलांब्यांची निवड योग्य असल्याची खूण मला इथे दिसली, कारण प्रत्येक वाचनाचे ओझे मुख्यतः एकाच अज्ञातावर पडत होते.

एवढ्यावर थांबता आले नसते. दोन समीकरणे आणि दोन अज्ञात असले की उत्तर नेहमीच निघते, मग द्रावणात तिसरे काही असो वा नसो. म्हणून शुद्ध वर्णपटांना मिळालेल्या संहतींनुसार गुणून त्यांची बेरीज केली आणि ती नमुन्याच्या पूर्ण वर्णपटाशी ताडून पाहिली. ताज्या नमुन्यात दोन्ही वक्र एकमेकांवर बसले. पण तोच नमुना दुसऱ्या दिवशी मोजला, तेव्हा ७०० नॅनोमीटरवर, जिथे दोन्ही द्रव्यांनी जवळपास काहीच शोषायला नको, तिथे ०.०१२ शोषकता दिसली. क्युवेटच्या भिंतीवर फिकट तपकिरी थर होता, म्हणजे परमँगनेटचा काही भाग मँगनीज डायऑक्साइडमध्ये क्षपित झाला होता. त्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, आणि लहान तरंगलांबीवर हे विखुरणे वाढते. म्हणून ७०० वरचा आकडा दोन्ही वाचनांतून वजा करून भागत नाही. ४४० वर हा वाढावा समजा ०.०३० असेल, तर डायक्रोमेट आठ टक्क्यांनी जास्त दिसेल आणि समीकरणे त्याबद्दल चकार शब्द काढणार नाहीत. तो नमुना टाकून दिला. क्युवेट आम्लयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतले, तेव्हा डाग लगेच निघाला. पुढे परमँगनेटचे साठ्यातले द्रावण सिंटर्ड काचेच्या गाळणीतून गाळून घेतले, कारण गाळणकागद स्वतःच त्याचे क्षपण करतो.

नंतर आणखी एक नमुना आला, त्यात परमँगनेट सुमारे ०.४ आणि डायक्रोमेट ०.०५ मिलिमोलच्या आसपास होते. अशा मिश्रणात ४४० वरची एकूण शोषकता साधारण ०.०५६ येते आणि तिच्यातला दोन तृतीयांश वाटा परमँगनेटचा असतो. तिथे ०.००५ ची चूक डायक्रोमेटच्या उत्तरात सत्तावीस टक्के होऊन उतरते. त्या नमुन्याच्या अहवालात मी परमँगनेटची संहती दिली, आणि डायक्रोमेटपुढे या पद्धतीने निश्चिती करता येत नाही, असे लिहिले.