साडेचारशेचा फरक

"फरक छोटाच आहे, सस्पेन्सला टाकू का?" आमच्या ज्युनियरने आज महिनाअखेरचं बँक रिको, म्हणजे बँक स्टेटमेंट आणि आपलं लेजर जुळवणं, करताना विचारलं. सस्पेन्स म्हणजे न जुळलेली रक्कम तात्पुरती टाकून ठेवायचं खातं.

न वटलेले चेक, अजून जमा न झालेला भरणा, बँक चार्जेस, नेहमीचे यशस्वी सगळे टिक करून झाले होते, तरी लेजरचा बॅलन्स 450 ने जास्तच. म्हटलं, आधी नऊने भाग. पूर्ण भाग गेला की आकडे उलटसुलट पडल्याची शंका घ्यायची (खात्री नाही हं, नुसती शंका). सापडलंच, आपण दिलेला चेक 5,610 चा आणि एंट्री 5,160 ची!

नसतं सापडलं तर फरकाची निम्मी रक्कम, म्हणजे 225 शोधायची, डेबिटची एंट्री क्रेडिटला पडली की फरक बरोबर दुप्पट येतो.

सस्पेन्सला टाकलेलं नंतर खरंच कोणी शोधतं का हो?