शनिवारवाड्यामागे सिंहगड: दोन फोटो एकात विरवताना

मित्राच्या सिंहगडावरच्या व्याख्यानासाठी पोस्टर करायचं होतं. खाली शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि वर पावसाळी ढगातला सिंहगड, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. दोन्ही फोटो ढगाळ दिवसाचे निवडले. उन्हाची दिशा वेगळी असली तर कितीही मास्क केला तरी जोड खोटाच दिसतो.

पोस्टर १८ बाय २४ इंची, म्हणजे ३०० पीपीआयला ५४०० बाय ७२०० पिक्सेल. फोटोशॉपमध्ये वाडा खालच्या लेयरवर, सिंहगड वरच्या. सिंहगडाच्या लेयरला मास्क लावला आणि त्यावर खालून वर, काळ्याकडून पांढऱ्याकडे ग्रेडियंट ओढला. मास्कवर काळं तिथे तो लेयर लपतो, पांढरं तिथे दिसतो, करड्यात अर्धवट.

खरी गोम त्या करड्यात आहे. ग्रेडियंट तीनेकशे पिक्सेलचा ठेवला, तर आभाळात आडवा पट्टा दिसायचा. हजारभर पिक्सेल केला की पट्टा जायचा, पण नगारखान्याचं छप्पर करड्या भागात यायचं आणि त्यातून डोंगराचा उतार भुतासारखा डोकवायचा. दोन्ही फोटोंत तपशील असला की करडा भाग दोन्ही अर्धे अर्धे दाखवतो. धुकं आणि कोरं आभाळ एकमेकांत बेमालूम मिसळतात. कौलं आणि झाडी मिसळत नाहीत.

म्हणून ग्रेडियंट लांबच ठेवला. मग वरचा लेयर तात्पुरता बंद करून क्विक सिलेक्शनने नगारखाना निवडला, लेयर पुन्हा चालू केला, मास्कच्या थंबनेलवर क्लिक केलं आणि निवडलेल्या भागात काळा रंग भरला. आता इमारतीची कड ठाम, तिच्यामागचं आभाळ मात्र हळूहळू धुक्यात जाणारं. क्रम हाच ठेवावा, कारण नंतर ग्रेडियंट ओढला तर भरलेला काळा पुसला जातो. मास्कऐवजी फोटोचंच थंबनेल निवडलेलं असेल तर रंग थेट डोंगरावर चढतो, तेव्हा चौकट कुठे आहे ते आधी बघावं. शेजारच्या झाडाच्या फांद्यांना सिलेक्शन दाद देईना. तिथे मऊ ब्रश, ओपॅसिटी १५ टक्के, आणि एक्स दाबून काळा-पांढरा बदलत बसलो. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय सापडला नाही.

तरी आभाळ दुरंगी वाटत होतं: वाड्याचं पिवळसर, गडाचं निळसर. सिंहगडाच्या लेयरवर कर्व्ह्ज क्लिप करून निळा चॅनेल थोडा खाली ओढला.

शेवटी सगळ्यांच्या वर एक तात्पुरता कर्व्ह्ज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक केला. स्क्रीनवर लपलेले जोड अशाने उघडे पडतात. उजव्या बुरुजापाशी एक फिकट डाग निघाला. तो ब्रशने मारला, तो लेयर काढून टाकला आणि पीडीएफ छपाईला पाठवली.