आधार ते आजोळ : आमच्या वसतिगृहाच्या नावाची वाटचाल

आम्ही नवरा-बायकोने नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह सुरू केलं तेव्हा नावाचा विचार एका संध्याकाळीच उरकला होता. 'आधार महिला सदन'. दोघांनाही आवडलं, पेंटरला सांगितलं, तिसऱ्या दिवशी फलक लागला. खोल्या चौदा होत्या. फोन बरे येत होते आणि पालक येऊन बघूनही जात होते, पण त्यातले बरेचसे पुन्हा फिरकत नव्हते.

आधी वाटलं, खोल्या लहान वाटत असतील. मग एक आई मुलीबरोबर आली. तिने पलंग, कपाट, न्हाणीघराची कडी, खिडकीचे गज सगळं नीट पाहिलं. निघताना दारात थांबून म्हणाली, "ताई, जागा चांगलीच आहे हो. पण उद्या नातेवाईकांनी विचारलं की मुलगी कुठे राहते, तर 'आधार सदनात' असं कसं सांगू? तिच्यावर काय प्रसंग आला, असंच विचारतील."

त्याच महिन्यात रात्री एक फोन आला. घरातून बाहेर काढलेल्या एका बाईला आसरा मिळेल का, म्हणून शेजारीण विचारत होती. नाव वाचून तिची तशी समजूत झाली होती, आणि त्यात तिची चूक नव्हती. तिला मी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर दिला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बाईला खरोखर आसरा हवा तिला आमचं नाव चुकीच्या दारात आणत होतं, आणि ज्या मुलीला फक्त नोकरीच्या गावी राहायला जागा हवी तिला दारातून परत पाठवत होतं.

मग हे शब्द कुठून आले ते बघायला लागले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. धोंडो केशव कर्व्यांचा 'अनाथ बालिकाश्रम' १८९६ सालचा. सदन, आश्रम, आधार या शब्दांनी आपल्याकडे एवढं मोठं काम केलंय की त्यांच्यामागे 'निराधार' हा अर्थ आपोआप येतो. सरकारी योजनांचंही तेच. अडचणीतल्या महिलांसाठीचं 'स्वाधार गृह' पुढे 'शक्ती सदन' झालं. या शब्दांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्याकडे येणारी मुलगी स्वतः कमावते आणि भाडं भरते, तिला आधार द्यायला आम्ही बसलेलो नाही.

नवीन नावासाठी वहीत पुष्कळ शब्द लिहिले. सगळ्यांच्या तोंडी पहिलं आलं ते 'माहेर'. ऐकायला गोड आहे, पण राहायला येणाऱ्या बहुतेक मुली अविवाहित. एका ओळखीच्या काकूंना विचारलं तर त्या पटकन म्हणाल्या, "अगं, तिचं माहेर आम्ही आहोत की." शिवाय पुण्याजवळ निराधार महिलांसाठी काम करणारी 'माहेर' नावाची मोठी संस्था आहे, म्हणजे पुन्हा तीच गल्लत. 'सखी' सुद्धा खोडलं. हिंसेने पीडित महिलांच्या मदत केंद्रांना 'सखी' म्हणतात, आणि २०२२ पासून केंद्राच्या नोकरदार महिला वसतिगृहांच्या योजनेचंच नाव 'सखी निवास' झालंय. खासगी जागेला तसं नाव दिलं तर ती सरकारी आहे असं पालकांना वाटेल, आणि नाही हे कळल्यावर पुढे आमच्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

'सुरक्षा', 'सेफ', 'रक्षा' हे शब्द यांना फार आवडले होते. माझा ठाम विरोध होता. 'सुरक्षित निवास' वाचलं की आईच्या डोक्यात आधी धोकाच येतो. इंग्रजी नावांत 'स्टे', 'इन', 'रेसिडेन्सी' असलं काही आलं की वडिलांना लॉज आठवतो, आणि ते उघड बोलत नाहीत, नुसतं "कळवतो" म्हणून निघून जातात.

'आजोळ' हा शब्द सुचला माझ्या वडिलांच्या बोलण्यातून. ते सहज म्हणाले, "मी शिकायला आजोळी होतो." मी तिथेच थांबले. आपल्याकडे किती माणसं आजोळी राहून शिकली, आणि ते सांगताना कुणाला कधी संकोच वाटला नाही. आजोळी राहिलेल्या मुलाला 'घरी काय झालं?' असं कुणी विचारत नाही. तिथे लाड असतात, पण रात्री उशीर झाला तर वाट बघणारं वडीलधारं माणूसही असतं. लग्न झालेली, न झालेली, दोघींनाही आजोळ असतं.

अडचण एकच होती. 'मुलगी आजोळी राहते' म्हटलं की ऐकणाऱ्याला मामाचं घर वाटणार. शिवाय हे नाव वृद्धाश्रमालाही शोभेल आणि सुट्टीतल्या शिबिरालाही. म्हणून खाली 'नोकरदार महिला वसतिगृह' ही ओळ घ्यायची ठरवली. 'गर्ल्स हॉस्टेल' मुद्दाम नाही, कारण त्याने कॉलेजच्या मुलींचे फोन येतात आणि गेटसमोर नको त्या मोटरसायकली थांबतात. 'लेडीज पीजी' म्हटलं तर कुणाच्या तरी फ्लॅटमधली कॉट, एवढंच डोळ्यांसमोर येतं. 'नोकरदार' या शब्दाने वडिलांचा स्वर बदलतो, हे मी फोनवर अनेकदा ऐकलंय.

फलक कसा असावा, हे मात्र आम्हाला मुलींनीच शिकवलं. एक जण रात्रपाळी करायची. ती म्हणाली, "काकू, रिक्षावाल्याला मी महिला वसतिगृह असं सांगत नाही, पुढच्या चौकात उतरते आणि चालत येते." म्हणजे पालकांना धीर देणारा शब्दच मुलीला रात्री अंधारातून चालायला लावत होता. आता रस्त्यावरच्या फलकावर फक्त 'आजोळ' आहे, एखाद्या बंगल्याच्या नावासारखं. ती 'आजोळपाशी सोडा' म्हणते आणि थेट गेटात उतरते. पूर्ण नाव आत, कार्यालयाच्या दारावर आणि पावतीवर. तिथेही पेंटरने पहिल्यांदा 'वसतीगृह' असं दीर्घ लिहिलं होतं. शिक्षक असलेल्या एका वडिलांनी ते बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "ति ऱ्हस्व हवा." दुसऱ्याच दिवशी पुसून घेतलं. जो माणूस मुलीला आपल्या भरवशावर ठेवणार, तो अक्षरसुद्धा तपासतो.

नाव बदलूनही एक धागा सुटला होता. एका आईने अनामत रक्कम पाठवण्यासाठी मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन केला, तर स्क्रीनवर आमच्या मुलाचं नाव आलं. तिने पैसे पाठवले नाहीत. "फलकावर एक आणि खात्यावर कुणी तरुण पुरुष, हे काय?" तिचं बरोबरच होतं. मग गुमास्ता आणि उद्यमची नोंद 'आजोळ' नावाने करून घेतली, त्या कागदांवर बँकेत त्याच नावाचं चालू खातं उघडलं. फलक, पावती, खातं आणि फोन उचलणारीचं पहिलं वाक्य, चारही ठिकाणी आता एकच नाव आहे.

आणि नाव 'आजोळ' ठेवल्यावर पालक आल्या आल्या विचारू लागले, "रात्री इथे कोण असतं?" तोवर रात्री फक्त पुरुष वॉचमन असायचा. 'आधार सदन' असताना हा प्रश्न एवढ्या थेट कुणी विचारला नव्हता. निवृत्त परिचारिका असलेल्या एक बाई आता तळमजल्यावरच्या खोलीत कायम राहतात. मुली त्यांना आजीच म्हणतात. कुणी रात्री दहानंतर येणार असेल तर आजींना आधी फोन करते, आणि त्या मुलगी आत येईपर्यंत जाग्या राहतात.

मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीत दुसरी इमारत भाड्याने घेतली. खोल्या तयार आहेत, फलकही रंगवून आलाय. पण तिथे रात्री राहणारं वडीलधारं बाईमाणूस अजून मिळालेलं नाही, म्हणून तो फलक आमच्या जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलाय.