C₁₀H₁₄O आणि चारचं कोडं

एमएस्सीला स्पेक्ट्रोस्कोपीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा: रेणुसूत्र दिलंय, आयआर आणि एनएमआर दिलाय, रचना ओळखा. माझ्या वाट्याला आलेलं आणि डोक्यात कायमचं बसलेलं सूत्र म्हणजे C₁₀H₁₄O.

स्पेक्ट्रमकडे बघण्याआधी डीबीई, म्हणजे डबल बॉन्ड इक्विव्हॅलंट, रेणूत रिंगा आणि डबल बॉन्ड मिळून किती, ते काढायचं, ही सरांनी लावलेली सवय. हिशेब सोपा आहे. दहा कार्बनची सरळ साखळी असेल, कुठेही रिंग नाही, डबल बॉन्ड नाही, तर तिच्यावर दुपटीहून दोन जास्त म्हणजे 22 हायड्रोजन बसतात. ऑक्सिजन दोन हातांचा, तो मध्ये घुसला तरी हायड्रोजनची संख्या बदलत नाही, म्हणून त्याला मोजायचंच नाही. आपल्याकडे आहेत 14. आठ कमी पडले. साखळीची दोन टोकं जोडून रिंग केली की दोन हायड्रोजन जातात, डबल बॉन्ड केला तरी दोनच जातात. आठ भागिले दोन, चार.

चार आले की वर्गात अर्धे जण लगेच बेंझीनची रिंग काढून मोकळे व्हायचे. एक रिंग आणि तीन डबल बॉन्ड, झाले चार. या सूत्रात ते बसतंही: ओव्याच्या तेलातला थायमॉल नेमका C₁₀H₁₄O आहे. पण पुदिन्याच्या कुळातल्या स्पिअरमिंटच्या तेलातला कार्व्होनही C₁₀H₁₄O च आहे, आणि त्यात बेंझीन नाही. त्याचे चार वेगळे जमतात: एक रिंग, दोन C=C आणि एक C=O. डीबीई फक्त बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही. ती वाटणी करणं हे खरं काम.

मी आधी ऑक्सिजनचा माग काढला. थायमॉल असता तर आयआरमध्ये 3200 ते 3500 च्या पट्ट्यात OH चा रुंद पसरट बँड दिसला असता. तिथे काहीच नव्हतं. उलट 1675 च्या आसपास कार्बोनिलचं ठळक पीक होतं. साध्या कीटोनचं पीक 1715 च्या जवळ येतं. ते एवढं खाली सरकलंय म्हणजे शेजारीच C=C आहे, दोघं संयुग्मित आहेत. एका दगडात चारातले दोन गेले.

उरलेल्या दोघांसाठी एनएमआर. बेंझीनवरचे हायड्रोजन साधारण 6.5 ते 8 मध्ये येतात. इथे त्या भागात 6.75 ला एकच हायड्रोजन होता. दहा कार्बनच्या थायमॉलमध्ये रिंगवर तीन असायला हवेत. आणि 4.8 च्या जवळ दोन हायड्रोजन, म्हणजे टोकाचा =CH₂. हा तिसरा. डबल बॉन्ड संपले, तरी बेरजेत एक शिल्लक, तर तो रिंगच असणार. रिंग कुठल्याही पीकवर थेट दिसली नव्हती. ती वजाबाकीतून हाती लागली, आणि डीबीईचा मला वाटणारा सर्वात मोठा उपयोग हाच.

प्रयोगशाळेत हाच निवाडा हायड्रोजन देऊन होतो. सौम्य परिस्थितीत पॅलॅडियमवर कार्व्होनचे दोन्ही C=C भरतात, C₁₀H₁₈O मिळतो आणि डीबीई दोनवर येतो. थायमॉलची रिंग त्या परिस्थितीत हलत नाही. ब्रोमीन वॉटरवर मात्र विसंबू नका. रंग दोघंही घालवतात, कार्व्होन डबल बॉन्डवर ब्रोमीन घेऊन आणि थायमॉल रिंगवरचा हायड्रोजन बदलून.

ऑक्सिजन सोडून दुसरे अणू आले की थोडं सांभाळावं लागतं. क्लोरीन, ब्रोमीन हायड्रोजनसारखेच मोजायचे. नायट्रोजन तीन हातांचा, तो स्वतःबरोबर एक हायड्रोजन जास्त आणतो, म्हणून प्रत्येकी एक मिळवायचा. X म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन धरून सूत्र असं:

```
डीबीई = (2C + 2 + N − H − X) / 2
```

तंबाखूतलं निकोटीन C₁₀H₁₄N₂. (20 + 2 + 2 − 14) / 2 = 5. पिरिडिनचे चार आणि दुसऱ्या, संपृक्त रिंगचा एक.

उत्तर साडेतीन वगैरे आलं तर घाबरायचं नाही, पण पुढेही जायचं नाही. मास स्पेक्ट्रममधला 151 चा [M+H]⁺ घेऊन C₁₀H₁₅O मोजलं की बरोबर 3.5 येतं. जास्तीचा एक हायड्रोजन काढला की पुन्हा चार.

सल्फरशी मात्र या सूत्राचं जमत नाही. डीएमएसओ, C₂H₆OS, मोजला तर शून्य येतो, आणि आपण कागदावर मात्र S=O काढतो. सूत्र सल्फरला दोनच हात धरतं, म्हणून सल्फॉक्साइड, सल्फोन यांचे S=O त्याला दिसतच नाहीत. ते आयआरमध्येच शोधायचे, सल्फॉक्साइडचा 1050 च्या आसपास.