मंगलाष्टकांमुळे बिघडलेले सिंक अखेर जुळले

नौपाड्यातल्या लग्नाच्या हायलाइट फिल्मचे काम मागच्या नोंदीनंतर एकाच जागी अडून राहिले होते. पाहुण्यांच्या फोनमधल्या क्लिप आवाजाच्या आलेखावरून, म्हणजे वेव्हफॉर्मवरून, आपोआप सिंक केल्या की हळद, वरात आणि पंगतीचे तुकडे चोख बसत, पण मंगलाष्टकांच्या क्लिप मात्र भलत्याच ठिकाणी जाऊन बसत. तिढा सुटला आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

मास्टर म्हणून आतेबहिणीच्या मामांचा आयफोन घेतला आहे. तो मांडवाशेजारी स्टँडवर होता आणि त्यावर सगळा विधी न थांबता रेकॉर्ड झाला आहे. बाकीच्या क्लिप त्याच्या आवाजाशी ताडून पाहायच्या, हे ठरलेलेच होते. अडचण अशी, की प्रत्येक कडवे त्याच चालीत ‘सावधान’वर संपते, त्याच क्षणी अक्षता उडतात आणि माणसे तसाच गलका करतात. वेव्हफॉर्मला तिसरे कडवे आणि पाचवे कडवे जवळजवळ सारखेच दिसते. त्यातून चित्रातही अक्षता नेमक्या ‘सावधान’लाच पडताना दिसतात, त्यामुळे चुकीची जुळणी डोळ्यांनाही बरोबर वाटते. ती ओळखायची असेल तर पुन्हा न येणारा आवाज शोधावा लागतो. इथे माइकची एक शिट्टी, एका बाळाचे रडणे आणि मावशींनी दोन्ही घरांची नावे गुंफून म्हटलेले कडवे हे तीन आवाज कामी आले. ऐरोलीच्या काकांच्या क्लिपमध्ये मावशींचे कडवे स्पष्ट ऐकू येत होते, पण सॉफ्टवेअरने ती गुरुजींच्या कडव्यावर बसवली होती.

उपाय असा, की सॉफ्टवेअरला अख्ख्या विधीत शोधू द्यायचे नाही. आधी वेळेवरून जागा काढायची आणि वेव्हफॉर्मचा शोध त्या जागेच्या आगेमागे दहा सेकंदांतच ठेवायचा. दोन ‘सावधान’मध्ये त्याहून बरेच जास्त अंतर असते, म्हणून दुसरे कडवे शोधात येतच नाही. काकांच्या फाइलमध्ये `creation_time` ०६:४२:१० होता. ही वेळ यूटीसी असते. साडेपाच तास मिळवले की दुपारचे १२:१२:१० होतात. काही अँड्रॉइड फोन ही वेळ रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात आणि काकांचा फोन त्यातलाच निघाला. म्हणून क्लिपची लांबी, म्हणजे १ मिनिट ३५ सेकंद, वजा करावी लागली. क्लिपची सुरुवात १२:१०:३५ ला आली. मास्टर १२:०१:०० ला सुरू होतो, म्हणजे क्लिपची जागा ९ मिनिटे ३५ सेकंदांवर. तिथेच मावशींचे कडवे आहे. फोन कोणत्या जातीचा आहे, हे त्यातल्या एका खात्रीच्या क्लिपवर तपासले की त्या फोनच्या बाकीच्या क्लिपांना तोच हिशेब लावता येतो.

चॅटवर साधा व्हिडिओ म्हणून आलेल्या क्लिपमधून मूळ वेळ गेलेली असते आणि चित्रही दाबले जाते. त्यामुळे सगळ्यांना पुन्हा विनंती करून मूळ फाइली डॉक्युमेंट म्हणून मागवल्या. ज्यांनी मूळ क्लिप पुसून टाकली होती, त्यांच्या क्लिप शब्द ऐकून हाताने बसवल्या.

जागा सापडल्यावरही लांब क्लिपमध्ये शेवटाकडे आवाज ओठांपासून सुटत होता. फोन कमी उजेडात फ्रेमरेट खाली आणतो, फाइलचे तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये अशी फाइल `Variable` दिसते. टाइमलाइनवर घेण्याआधी प्रत्येक फाइल सेकंदाला ३० फ्रेमवर स्थिर करून घेणे मला आता अपरिहार्य वाटते:

```
ffmpeg -i in.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le out.mov
```

बाल्कनीतल्या क्लिपमध्ये आणखी एक बारीक फरक निघाला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळेत साडेअकरा मीटरच्या आसपास. लांबून घेतलेली क्लिप आवाजावर जुळवली, की तिचे चित्र तेवढे आधी येते. अंतरपाट पडताना हे जाणवले, म्हणून तिथे चित्र दोन फ्रेम उशिरा सुरू होईल असे सरकवून आवाज फक्त मास्टरचा ठेवला.

सिंक नीट झाल्यावर पहिल्यांदाच एकच क्षण सर्व कोनांतून शेजारी ठेवून पाहता आला आणि फिल्मचा आराखडा बदलला. आधी तयार गाण्याच्या ठेक्यावर कट करायचे होते. आता मावशींचे कडवेच फिल्मचा कणा आहे. निवडीची कसोटी इतकीच, की त्या कडव्यात ज्याचे नाव येते तो माणूस त्याच वेळी कुणाच्या तरी फोनमध्ये दिसला पाहिजे. नाव येताच वरमाय पदर सावरून हसते, हे बाल्कनीतल्या क्लिपमध्ये थोडे हलते चित्र असूनही सापडले आणि ते मी ठेवणार आहे. वरातीचे सुंदर, स्थिर शॉट त्यामुळे बाहेर जातील. हळदीचे तुकडे कडव्याच्या आधी, त्यांच्याच आवाजासह, छोट्या सुरुवातीपुरते राहतील.

हे लिहिताना आणखी एक सुचले. अंतरपाट खाली येण्याचा क्षण एकाच कोनातून न दाखवता, उभ्या क्लिप दोन-दोन शेजारी ठेवून वधूचा आणि वराचा चेहरा एकाच वेळी दाखवता येईल. वराकडच्या बाजूची क्लिप अजून चॅटवरचीच आहे. तिची मूळ फाइल डोंबिवलीहून आली की हा भाग आधी कापून पाहतो.